चिमूटभर हळद आणि पाचशे मिलिग्रॅमची कॅप्सूल

जून २०१८ मध्ये पुण्यात चाळिशीतल्या एका महिलेचा मृत्यू झाला आणि त्याची बातमी देशभर गेली. सकाळी व्यायाम करून आल्यावर त्यांनी पेलाभर दुधीचा रस घेतला होता. थोड्याच वेळात उलट्या-जुलाब सुरू झाले आणि रुग्णालयात नेऊनही काही दिवसांत त्यांचा अंत झाला. ज्या दुधीची भाजी आपण आजारी माणसाला पथ्य म्हणून देतो, त्याच दुधीचा हा रस होता.

दुधी काही औषधी वनस्पती नव्हे, पण प्रश्न तोच आहे. काकडी-दुधीच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची अत्यंत कडू विषारी द्रव्यं असतात. खाण्याच्या दुधीत ती नगण्य असतात, पण एखादा दुधी कडू निघतो. भाजी करताना पहिल्याच घासाला ते कळतं आणि भाजी टाकून दिली जाते. रस मात्र ‘कडू आहे, म्हणजे गुणकारी असणार’ असं म्हणत नाक दाबून घशाखाली उतरवला जातो, आणि अर्धा किलो दुधीतलं सगळं कुकुर्बिटासिन दोन मिनिटांत पोटात जातं. दिल्लीत असाच एक मृत्यू झाल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा सल्ला साधा होता: रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर रस काढूच नका, रस दुसऱ्या कोणत्या रसात मिसळू नका, आणि प्यायल्यावर मळमळलं किंवा अस्वस्थ वाटलं तर थेट रुग्णालय गाठा. या विषावर उतारा नाही.

वनस्पती तीच आणि माणूसही तोच, पण रूप बदललं की धोका बदलतो. असं का होतं, हे समजून घ्यायला औषधशास्त्रातली एक कल्पना फार उपयोगी पडते. तिचं नाव थेरप्युटिक इंडेक्स. तिच्याभोवती नेहमी विचारले जाणारे प्रश्न घेऊनच हा आढावा घेतो.

थेरप्युटिक इंडेक्स म्हणजे नेमकं काय?

कोणत्याही औषधाच्या दोन मात्रा महत्त्वाच्या असतात. एका मात्रेला निम्म्या लोकांमध्ये हवा तो गुण दिसतो. दुसऱ्या, मोठ्या मात्रेला निम्म्यांमध्ये विषबाधा दिसते. दुसरीला पहिलीने भागलं की जो आकडा येतो, तो थेरप्युटिक इंडेक्स. आकडा मोठा असेल तर गुण आणि विषबाधा यांच्यात भरपूर मोकळी जागा असते. छोटा असेल तर थोडीशी चूकही महागात पडते.

छोट्या आकड्याचं प्रसिद्ध उदाहरण वनस्पतीचंच आहे. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडाच्या पानांवर पुस्तक लिहिलं. त्याच कुळातून पुढे डिगॉक्सिन हे हृदयविकाराचं औषध आलं. आजही ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून दिलं जातं आणि गरज पडल्यास रक्तातली पातळी तपासली जाते, कारण गुणाची पातळी आणि विषाची पातळी अगदी लगत आहेत. विदरिंगच्या पुस्तकातही मात्रा कशी ठरवायची आणि कुठे थांबायचं यावर भर आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फॉक्सग्लोव्हसारखं काम करणारी आपल्याकडची झाडं म्हणजे कण्हेर आणि पिवळी कण्हेर. ती पुण्यात बंगल्यांच्या कुंपणाला आणि रस्त्याच्या दुभाजकांवर फुललेली दिसतात, पण कोणाच्या फोडणीत पडत नाहीत. धोतरा आणि बचनाग यांनाही स्वयंपाकघरात जागा नाही. बचनाग आयुर्वेदात आहे, पण शोधन केल्यावर आणि अत्यल्प मात्रेत, वैद्याच्या हातून. म्हणजे मसाल्याच्या डब्यात जे टिकलं, ते आधीच पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाळणीतून गेलेलं आहे. हात थोडा सैल सुटला तरी कोणी आजारी पडणार नाही, अशाच वनस्पती तिथे राहिल्या. जायफळासारखा अपवाद आहे, पण जायफळ आपण श्रीखंडात आणि पुरणात किसणीवरून चिमूटभरच घालतो. एक अख्खं जायफळ पूड करून खाल्लं तर धडधड, कोरडं तोंड, भास असा त्रास होऊ शकतो.

मग हळद अपायकारक कशी होईल? ती तर आपण रोज खातो.

रोज किती खातो, हे आधी मोजू. भारतीय जेवणात माणशी साधारण दोन-अडीच ग्रॅम हळद पोटात जाते असं धरतात. हळदीतलं मुख्य कार्यकारी द्रव्य कर्क्युमिन. त्याचं प्रमाण जातीप्रमाणे आणि मातीप्रमाणे बदलतं, पण बाजारातल्या हळदपुडीत सरासरी तीन टक्के धरायला हरकत नाही. म्हणजे अडीच ग्रॅम हळदीतून दिवसाला सुमारे ७५ मिलिग्रॅम कर्क्युमिन मिळतं.

आता औषधाच्या दुकानातली डबी घेऊ. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड, दिवसाला दोन कॅप्सूल, असं लेबल अगदी सर्रास आढळतं. पाचशेचे ९५ टक्के म्हणजे ४७५ आणि त्याची दुप्पट ९५० मिलिग्रॅम. इतकं कर्क्युमिन जेवणातून मिळवायचं तर तीस ग्रॅमच्या वर हळद खावी लागेल. डाळ-भाजीतून जे जवळजवळ तेरा दिवसांत मिळतं, ते कॅप्सूलमधून एका दिवसात मिळतं. अन्नातल्या पदार्थांची सुरक्षितता तपासणाऱ्या जागतिक तज्ज्ञसमितीने कर्क्युमिनसाठी दर किलो वजनामागे दिवसाला तीन मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा दिली आहे. साठ किलोच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम होते. घरचं जेवण त्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी आहे आणि दोन कॅप्सूल तिच्या पाचपट.

ही मर्यादा म्हणजे विषाची रेषा नव्हे, हेही तितकंच खरं. ती मुद्दाम फार खाली आखलेली असते. प्रयोगांत माणसांनी दिवसाला आठ-आठ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन काही महिने घेतलं आहे आणि बहुतेकांना पोटाच्या किरकोळ तक्रारींपलीकडे काही झालेलं नाही. हा आकडा पाहिला तर हळदीचं सुरक्षिततेचं अंतर प्रचंड वाटतं. पण त्याचं खरं कारण वेगळं आहे. कर्क्युमिन आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. जे थोडं शोषलं जातं, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसरे रेणू जोडून निकामी करतात. पोटात ग्रॅमच्या हिशेबात गेलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम सापडतं. म्हणजे हळद सुरक्षित आहे ती बऱ्याच अंशी शरीराने दार बंद ठेवल्यामुळे.

आणि नेमकं हेच दार उघडण्याचा उद्योग उत्पादकांनी केला. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत वीस मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, दिलं तेव्हा माणसांच्या रक्तात पोहोचणारं कर्क्युमिन सुमारे वीसपट झालं. पिपरीन यकृताचं आणि आतड्याचं ते रेणू जोडण्याचं काम रोखून धरतं. या प्रयोगानंतर ‘मिऱ्याच्या अर्कासह’ ही ओळ हळदीच्या डब्यांवर ठळक अक्षरांत येऊ लागली. पुढे अतिसूक्ष्म कण, स्निग्ध आवरण अशा आणखी युक्त्या आल्या. त्यांचाही हेतू तोच.

आता दोन्ही गोष्टी एकत्र करा. कर्क्युमिन तेरापट आणि त्यावर शोषण कितीतरी पट. हळदीच्या सुरक्षिततेचा जो दाखला आपण देतो, तो न शोषल्या जाणाऱ्या हळदीचा आहे. शोषण बदललं की तो दाखला लागू राहत नाही.

घरीही हळद आणि मिरी एकत्रच पडतात की!

हा आक्षेप रास्त आहे. आमटीच्या मसाल्यात मिरी असते, हळदीच्या दुधात लोक मिरपूड घालतात, आणि चिमूटभर मिऱ्यात कॅप्सूलइतकं पिपरीन सहज असू शकतं. फरक पडतो तो मूळ मात्रेमुळे. घरात ७५ मिलिग्रॅम कर्क्युमिन असतं आणि तेही दोन जेवणांत विभागलेलं. भात, डाळ, तेल, तंतू यांच्यात मिसळून ते तासन्‌तास हळूहळू पुढे सरकतं. कॅप्सूल रिकाम्या पोटी घेतली तर सगळा माल एकाच वेळी आतड्यात उतरतो, रक्तातली पातळी झटकन चढते आणि हे रोज, महिनोन्‌महिने चालतं. विषबाधेचा संबंध दिवसभराच्या बेरजेइतकाच त्या चढत्या टोकाशीही असतो.

प्रत्यक्षात कोणाला त्रास झाल्याची नोंद आहे का?

आहे. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारं रुग्णालयांचं एक जाळं आहे. त्यांनी २००४ ते २०२२ या काळात हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि एक जण यकृत निकामी होऊन गेला. तीन रुग्णांच्या उत्पादनांत पिपरीन सापडलं. बहुतेकांना त्रास सुरू झाला तो गोळ्या सुरू केल्यावर एक ते चार महिन्यांनी. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकप्रकार होता, जो सर्वसाधारण लोकसंख्येत थोड्याच जणांत असतो. इटलीतही २०१९ मध्ये अशा रुग्णांची रांग लागली आणि तिथल्या सरकारने पुढे या उत्पादनांवर इशारा छापायला लावला.

हा जनुकाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण थेरप्युटिक इंडेक्सची मर्यादा इथेच दिसते. इंडेक्स हा निम्म्या लोकांचा हिशेब आहे. दहा हजारांत एखाद्याच्या शरीराची जी वेगळीच प्रतिक्रिया होते, ती त्या भागाकारात कुठेच पकडली जात नाही. अशा व्यक्तीसाठी ‘इतक्या मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित’ असं काही सांगता येत नाही. तरीही मात्रेचा संबंध पूर्ण तुटत नाही. हे रुग्ण अर्क घेणाऱ्यांत सापडले आहेत, आमटी खाणाऱ्यांत नाही.

महाराष्ट्रातलं याच प्रकारचं उदाहरण गुळवेलीचं. करोनाच्या पहिल्या लाटेत प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागले, गोळ्या सुरू झाल्या. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर कावीळ झालेले सहा रुग्ण पाहिले आणि २०२१ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. हरकतीतला वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण पुढच्याच वर्षी देशभरातल्या तेरा केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या अनेकांची इजा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखी होती. ज्यांच्यात असा आजार आधीपासून दबून असतो, त्यांनी गुळवेल महिनोन्‌महिने घेऊ नये, इतकं तरी आता ठामपणे सांगता येतं.

मात्रेचा सरळ हिशेब दाखवणारं उदाहरण कोणतं?

ज्येष्ठमध. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात त्याच्या पिवळसर काड्या मिळतात. घसा बसला की गायक, शिक्षक, कीर्तनकार एक तुकडा दाढेखाली धरतात. त्यातला गोडवा ग्लिसरायझिन या द्रव्याचा. आतड्यात त्याचं रूपांतर होऊन जे बनतं, ते मूत्रपिंडातलं एक विकर बंद पाडतं. ते विकर एरवी कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करत असतं. पहारा उठला की कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ साठवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. मग पायांवर सूज येते, रक्तदाब चढतो, स्नायू गळून जातात आणि पोटॅशियम फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके चुकू लागतात.

युरोपात दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन ही नेहमीच्या सेवनाची वरची सीमा मानतात. काडीत ते साधारण चार टक्के धरलं तर ही सीमा अडीच ग्रॅम काडीला येते. एक ग्रॅमचा तुकडा चघळला तर सगळा रस उतरला तरी ४० मिलिग्रॅम, आणि तेही चार दिवस. म्हणून घसा सुटतो आणि रक्तदाब हलत नाही. आयुर्वेदीय औषधकोशात चूर्णाची मात्रा दोन ते चार ग्रॅम दिलेली आहे, म्हणजे ती या सीमेवरच आहे. वैद्य ती रोगी आणि काळ पाहून देतात, वर्षभर चालू ठेवा असं सांगत नाहीत. आता वीस टक्के ग्लिसरायझिनचा अर्क समजा. त्याची ५०० मिलिग्रॅमची एकच कॅप्सूल सीमा गाठते आणि दोन घेतल्या की दुप्पट होते. हळदीसारखं इथे शोषणाचं दार बंद नाही, म्हणून अंतर मुळातच कमी आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने ज्येष्ठमधाचा अर्क स्वतःच्या मनाने घेऊच नये. बाजारात ग्लिसरायझिन काढून टाकलेलं ज्येष्ठमधही मिळतं, पण लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

वनस्पतीचं अंतर मोठं असलं, पण सोबत दुसरं औषध चालू असलं तर?

तर हिशेब त्या दुसऱ्या औषधाच्या इंडेक्सने होतो. डिगॉक्सिन घेणाऱ्याने ज्येष्ठमधाचा अर्क घेतला आणि पोटॅशियम उतरलं, तर डिगॉक्सिनची नेहमीचीच गोळी विषारी ठरू शकते. हृदयाची झडप बदललेले लोक रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात आणि त्यांचा आयएनआर हा आकडा बहुधा दोन ते तीनच्या दरम्यान राखावा लागतो. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये एका रुग्णाची माहिती दिली. वॉर्फरिन या अशाच गोळीवर स्थिर असलेल्या त्या माणसाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत त्याचा आकडा दहाच्या वर गेला. त्या पातळीला कुठूनही रक्तस्राव होऊ शकतो. फिटच्या आजारातलं फेनिटॉइनही असंच अरुंद अंतराचं औषध आहे आणि पिपरीनमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते, हे भारतातच झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे.

पण हजारो वर्षांचा अनुभव पुरावा नाही का?

पुरावा आहे, पण कशाचा, ते पाहावं लागतं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं. संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत बत्तीस संदर्भ दिले गेले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. परंपरेचा तो लखलखीत विजय होता. पण तो पुरावा पुडीचा आणि लेपाचा होता. ९५ टक्के कर्क्युमिन मिऱ्याच्या अर्कासह रिकाम्या पोटी वर्षभर घेतल्याचा अनुभव कोणत्याही आजीकडे नाही, कारण असा पदार्थ तिच्या काळी नव्हता. आजीबाईच्या बटव्याचा दाखला देऊन कॅप्सूल विकणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

शिवाय चिमूटभर हळदीने गुडघ्याची सूज उतरेल, अशी अपेक्षाही धरू नये. स्वयंपाकातली मात्रा सुरक्षित आहे, त्यामागे ती औषधाच्या मात्रेपेक्षा फार खाली आहे हेही एक कारण आहे. औषधाइतका गुण हवा म्हणून मात्रा वाढवली, तर औषधाचीच शिस्त लागते: किती, किती दिवस, सोबत काय चालू आहे, आणि तपासणी कधी.

कॅप्सूल घेतलीच तर काय पाहावं?

लेबलवर अर्काचं वजन पुरेसं नाही. त्यात कार्यकारी द्रव्य किती टक्के, हे लिहिलेलं हवं. ‘दहास एक’ असा अर्क असेल तर एक ग्रॅम अर्कासाठी दहा ग्रॅम वनस्पती वापरली आहे, एवढंच त्यातून कळतं. पिपरीन किंवा ‘अधिक शोषण’ असं काही लिहिलं असेल, तर घरच्या हळदीशी त्याची तुलना सोडून द्यावी. गरोदरपण, यकृताचा जुना आजार, रक्त पातळ करणारी गोळी, फिटचं किंवा हृदयाचं औषध, ठरलेली शस्त्रक्रिया, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना डबी दाखवावी. भूक मेली, अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून एसजीपीटी आणि बिलीरुबिन तपासून घ्यावं. वेळीच बंद केल्यास बहुतेकांचं यकृत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतं.

डॉक्टर ‘काय औषधं चालू आहेत?’ असं विचारतात तेव्हा काढे, चूर्णं आणि कॅप्सूल यांचीही नावं सांगा. त्रास झालाच, तर तो भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतःलाही कळवता येतो. डबी फेकून देऊ नका, कारण तिच्यावरचा बॅच क्रमांक त्या वेळी विचारला जातो.